टीव्हीच्या मागून येणारी घूंऽऽ: सात-आठ महिने ऐकून काय कळलं

टीव्ही घेऊन आता सात-आठ महिने झालेत, 55 इंची एलईडी, पिक्चर मस्त आहे त्याबद्दल तक्रार नाही. पण पहिल्याच आठवड्यात मागून एक बारीक घूंऽऽ असा आवाज यायला लागला आणि तेव्हापासून मी ह्या एकाच गोष्टीच्या मागे लागलोय. बॅकलाइट 100 वर ठेवला की एकदम शांत. 70 पर्यंत आणला तरी काही नाही. 60 च्या खाली गेलं की सुरू होतो, 45-50 ला सगळ्यात जास्त, आणि 20 च्या खाली परत जवळजवळ गायब. खूप जणांना सेम अनुभव येतो आणि पॅनल गेलं की काय म्हणून घाबरायला होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी हे बघा की आवाज स्पीकरचा आहे का. टीव्ही म्यूट करा, जमलं तर ऑडिओ आउटपुट हेडफोनवर टाका म्हणजे आतले स्पीकर पूर्ण बंद होतील. तरीही आवाज येत असेल तर तो बोर्डातून येतोय. म्यूट केल्यावर गेला तर विषय वेगळा, मग केबल, सेट टॉप बॉक्स, अर्थिंग तिकडे शोधा.

आता ठराविक ब्राइटनेसलाच का येतो ते. बहुतेक एलईडी टीव्हीत बॅकलाइट कमी करताना एलईडीचा करंट कमी करत नाहीत, तर एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात, ह्याला पीडब्ल्यूएम म्हणतात. 100 टक्क्यांना एलईडी सतत चालू असतात, चालू-बंद काही नाहीच, म्हणून शांत. अर्धा वेळ चालू अर्धा वेळ बंद अशी स्थिती आली की करंटच्या झटक्यांचा एकूण जोर सगळ्यात जास्त होतो आणि मूळ फ्रिक्वेन्सीचा आवाज पण तिथेच जास्त येतो, म्हणून मधल्या ब्राइटनेसला त्रास. हे झटके पॉवर बोर्डावरच्या कॉइल आणि ट्रान्सफॉर्मरमधून जातात, तिथला तार-गाभा अगदी सूक्ष्म थरथरतो, छोटे सिरॅमिक कपॅसिटर पण व्होल्टेज बदललं की किंचित आकुंचन-प्रसरण पावतात आणि बोर्डाला हलवतात. पीडब्ल्यूएम 240 किंवा 480 हर्ट्झला असेल तर हे सगळं कानाला ऐकू येणाऱ्या रेंजमध्येच पडतं. मागचं पातळ पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं कव्हर आवाज आणखी मोठा करतं, माझ्या टीव्हीला मागे मधोमध तळवा हलका दाबून धरला तर आवाज निम्म्यावर येतो.

हे खरंच पीडब्ल्यूएमचं आहे का ते घरीच बघता येतं. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर शटर 1/2000 वर ठेवा आणि स्क्रीनवर पूर्ण पांढरा किंवा राखाडी फोटो लावून बघा. बॅकलाइट 50 ला असताना काळे पट्टे दिसले आणि 100 ला गेले तर चालू-बंद होणं सिद्ध झालं. माझ्याकडे अगदी तसंच दिसलं. मग फोनवर एक फुकटचं स्पेक्ट्रमचं अ‍ॅप टाकलं, फोन टीव्हीच्या मागे धरला, तर 240 ला एक शेंडा आणि मग 480, 720 ला छोटे शेंडे, पण बॅकलाइट बरोब्बर 50 ला आणला की 480 वाला जवळजवळ बुडाला आणि 720 वाला राहिला. अर्ध्यावर असताना सम पट दबतात, विषम राहतात, म्हणजे आवाज बॅकलाइटचाच, ह्यात मला शंका उरली नाही. 100 हर्ट्झला एकच जाड शेंडा दिसला असता तर तो मेन्सचा हम असतो (50 हर्ट्झची सप्लाय असेल तर), तो ब्राइटनेसबरोबर फारसा हलत नाही.

अजून एक, संध्याकाळी आवाज वाढतो असं बऱ्याच जणांना वाटतं आणि आपण म्हणतो की घर शांत असतं म्हणून. ते खरंच आहे, पण लाइट सेन्सर किंवा पॉवर सेव्हिंग चालू असेल तर अंधार झाला की टीव्ही स्वतःच बॅकलाइट 90 वरून 50 ला आणतो, म्हणजे नेमका आवाजाच्या पट्ट्यात. सेन्सर बंद करून बघा. मी रात्री बॅकलाइट 20 च्या खाली ठेवतो आणि गामा थोडा बदलतो, तेवढ्यात भागतं. ओएलईडीत बॅकलाइट नसतो, तिथे आवाज सीनबरोबर बदलतो, बर्फाचं मैदान किंवा पूर्ण पांढरी स्क्रीन आली की वाढतो आणि काळी आली की जातो, तेही साधारण ह्याच जातीचं.

मग बिघाड कधी समजायचा? माझ्या मते निरुपद्रवी आवाजाची खूण म्हणजे तो स्लायडरला इमानदार असतो. त्याच आकड्याला तोच सूर, कालही, आजही, तीन महिन्यांनीही. सोफ्यावरून म्यूट असतानाच ऐकू येतो, आणि पिक्चरमध्ये काहीही हलत नाही. मी दर महिन्याला फोन त्याच जागी ठेवून बॅकलाइट 50 ला एक छोटं रेकॉर्डिंग करत आलोय, पहिल्या आणि आत्ताच्यात फरक काढता येत नाही.

भावाच्या टीव्हीचं उलटं झालं. सुरुवात अशीच घूं ने झाली, आणि मीच त्याला म्हणालो होतो की घाबरू नको पण रेकॉर्डिंग ठेव. काही आठवड्यांनी आवाज ब्राइटनेसचं ऐकेनासा झाला, 100 ला पण यायचा, टीव्ही थंड असताना जोरात आणि तापला की कमी, मध्येच तडतड, आणि तडतड झाली की स्क्रीन क्षणभर लुकलुकायची. जुनी रेकॉर्डिंग लावून ऐकली तर फरक लगेच कळला. सर्व्हिसवाला आला, पॉवर बोर्ड बदलला, त्याने सांगितलं की एक कपॅसिटर वर फुगला होता. आता टीव्ही व्यवस्थित आहे, मधल्या ब्राइटनेसला थोडी घूं अजून आहेच, आणि ती राहणारच कारण डिझाइन तेच.

म्हणजे अनियमित तडतड, चरचर, आवाजाबरोबर लुकलुक, स्क्रीनचा एक भाग काळपट होणं, क्लिक होऊन परत परत रीस्टार्ट, ह्यातलं काहीही असेल तर सर्व्हिसला कळवा. जळका वास आला तर प्लग काढा, परत लावून बघू नका. सुरू केल्यावर किंवा बंद केल्यावर मागून अधूनमधून टक्-टक् येतं ते मात्र सोडून द्या, प्लास्टिक तापून-निवून आवाज करतं.

आणि मागचं कव्हर उघडून कॉइलवर गोंद ओतायचे व्हिडिओ बघून हात घालू नका प्लीज. पॉवर बोर्डाच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तो राहू शकतो.

वॉरंटीत तक्रार करताना नुसतं आवाज येतो असं सांगू नका, सर्व्हिसवाला दुपारी येतो, पंखा चालू, बॅकलाइट 100 ला, आणि त्याला काहीच ऐकू येत नाही. पंखा-खिडकी बंद करा, लाइट सेन्सर बंद, म्यूट, राखाडी फोटो, आणि बॅकलाइट ज्या आकड्याला आवाज जास्त तिथे लावूनच ठेवा. पॅनल बदलून मागण्यात अर्थ नाही, आवाज पॉवर बोर्ड किंवा बॅकलाइट ड्रायव्हरचा असतो. सोफ्यावरून नॉर्मल आवाजात सिनेमा बघतानाही ऐकू येत असेल तर मात्र रिप्लेसमेंट नक्की मागा, एकाच मॉडेलच्या दोन युनिटमध्ये फरक असतो, कमी आवाजाचं मिळू शकतं. आणि ती रिटर्नची मुदत संपायच्या आत मागा.