कराडच्या आईची शेगडी, पुण्यातली मी आणि फोटोवरून मागवलेले पार्ट: आठ महिन्यांनंतर

गेल्या वर्षी आईचा फोन आला, मोठ्या बर्नरची ज्योत खालून निघतेय, भांड्याला काजळी धरतेय आणि बंद करताना फट्ट आवाज येतो. शेगडी दोन बर्नरची, स्टीलची, बारा-तेरा वर्षं जुनी, बॉडीवरचं मॉडेलचं स्टिकर कधीच घासून गेलेलं. कराडला दुरुस्तीवाला आहे पण तो उद्या येतो म्हणतो आणि तो उद्या काही उजाडत नाही, म्हणून मी म्हटलं तू फोटो पाठव मी इथून पार्ट घेते. मागवलेले पार्ट आता आठ महिने वापरात आहेत, म्हणून सगळं लिहितेय, पहिल्यांदा जिथे माती खाल्ली तो भागसुद्धा.

पहिला फोटो आईने असा काढला की बर्नर ओट्यावर सुलटा ठेवलेला आणि शेजारी दहाचं नाणं, नाण्याची आयडिया माझीच. दहाचं नाणं २७ मिमी असतं त्यामुळे फोटोत नाणं किती आणि बर्नर किती मोजून त्रैराशिक मांडलं, वरचा व्यास आला ७८ मिमी. ऑनलाइन त्याच मापाचा पितळी बर्नर मागवला, दिसायला सेम टू सेम, तीच भोकांची रांग आणि तोच मधला फुगवटा. कराडला पोचल्यावर आई म्हणाली, "अगं हा बसतच नाही, नुसता वर तरंगतोय."

चुका दोन होत्या. पहिली म्हणजे नाणं ओट्यावर होतं आणि बर्नरची वरची कड ओट्यापासून तीनेक सेंटिमीटर उंच. आईने मोबाईल जवळ म्हणजे साधारण ३० सेंमीवर धरला होता, म्हणजे कड कॅमेऱ्यापासून २७ वर आणि नाणं ३० वर, त्यामुळे बर्नर नाण्याच्या मानाने नऊला दहा या हिशोबात मोठा दिसला. खरा व्यास ७० होता आणि मी ७८ धरून बसले. दुसरी चूक याहून मोठी, वरचा व्यास मुळात कामाचाच नाही. बर्नर उलटा केला की खाली एक गोल पायरी दिसते, ती मिक्सिंग ट्यूबच्या तोंडात बसते (मिक्सिंग ट्यूब म्हणजे शेगडीच्या आतली ती नळी जिच्यात गॅस आणि हवा मिसळते). बसायचं-न बसायचं सगळं त्या पायरीवर. पायरी सैल असेल तर गॅस भोकातून न येता खालच्या फटीतून येतो आणि तिथेच पेटतो, आईच्या जुन्या बर्नरचं नेमकं हेच झालं होतं, पायरीची कड एका बाजूला झिजून पातळ झालेली.

दुसऱ्या वेळी नीट केलं. बर्नर उलटा ठेवला, शेजारी दोन काडेपेट्या एकावर एक आणि त्यावर नाणं, म्हणजे नाणं आणि पायरीची कड जवळपास एका उंचीवर आली. मोबाईल लांब धरून दोनपट झूम आणि बरोबर डोक्यावरून फोटो. माप आलं ५४ मिमी. तरी खात्री नव्हती म्हणून आईला पायरीभोवती दोरा गुंडाळायला सांगितला, शिवणाच्या टेपवर दोरा १७ सेंमी भरला, १७ भागिले ३.१४ म्हणजे परत ५४. मग जुन्या बर्नरचा आणि मिक्सिंग ट्यूबच्या तोंडाचा असे दोन्ही फोटो घेऊन रविवार पेठेत गेले. दुकानातले काका फोटो बघून म्हणाले, "ताई, फोटोवरून सगळेच बर्नर भाऊ-भाऊ वाटतात, माप बोला." व्हर्नियर लावून त्यांनी ५४ चा काढून दिला. जोडी घेतली, साडेचारशेला.

आठ महिन्यांत ज्योत निळी आहे, फट्ट आवाज गेला, भांडी काळी होत नाहीत. दूध दोनदा तरी उतू गेलंय, तेव्हा भोकं साफ केली की परत ठीक. पितळ पहिल्या महिन्यातच काळवंडलं, पण ते होणारच.

आता रेग्युलेटर. बर्नरच्या गडबडीतच आई म्हणाली सिलेंडरपाशी वास येतोय, रेग्युलेटर खराब झालाय, तोही घेऊन टाक. रेग्युलेटरचा फोटो बघून मला काहीच कळेना, म्हणून तो बंद करून काढायला लावला आणि सिलेंडरच्या व्हॉल्व्हचा सरळ वरून टॉर्च मारून फोटो मागितला. चांगल्या व्हॉल्व्हमध्ये आत काळी रबरी रिंग अखंड गोल दिसते, आईच्या फोटोत ती एका बाजूला तुटून उचकटलेली. म्हणजे बिघाड रेग्युलेटरचा नव्हताच, सिलेंडरच्या वॉशरचा होता. सिलेंडरला टोपण लावून, खिडक्या उघड्या ठेवून एजन्सीला फोन केला आणि त्यांच्या माणसाने येऊन रिंग बदलून दिली. ती रिंग घरी पिनने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने काढायला जाऊ नका, खाली व्हॉल्व्हची पिन असते. वास खूप असेल तर फोटोबिटो राहू दे, सरळ १९०६ ला फोन. आणि रेग्युलेटर खरंच गेला असेल तरी तो बाजारातून घ्यायचा नाही, तो कनेक्शनच्या कागदावर एजन्सीकडूनच बदलून मिळतो, त्यामुळे तिथे फोटोवरून निवड करायचा प्रश्नच नाही.

नळीचं मात्र फोटोवरून मस्त जमतं, कारण माहिती तिच्यावरच छापलेली असते. आईची नारिंगी सुरक्षा होज, पण पहिल्या फोटोत छापील बाजू भिंतीकडे. नळी जरा फिरवून तीन तुकड्यांत फोटो काढायला सांगितले तेव्हा IS 9573 हा मानकाचा नंबर आणि महिना-वर्ष वाचता आलं. मुदत पाच वर्षं असते आणि हिची उलटून वर दीड वर्ष झालेलं. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त घ्यायची नाही, आईला लांब हवी होती म्हणजे शेगडी सरकवता येईल, ती नाही म्हणजे नाही. फोटोत जे दिसत नाही ते म्हणजे शेगडीच्या नोझलवर चढवलेलं टोक, भेगा तिथेच आधी पडतात आणि वरून टोक चांगलंच दिसतं. जुनी नळी काढल्यावर आत दोन बारीक चिरा निघाल्या. नवीन बसवल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले, काडी ओढून नाही.

अजून एक, जेट. मिक्सिंग ट्यूबच्या मागे तो पितळी बारका तुकडा असतो, त्याचं भोक फोटोत ठिपक्यासारखं दिसतं, त्यावरून काही ठरवू नका. माझी पुण्यातली शेगडी पाईपच्या गॅसवर आहे आणि मी ती जुनी झाली म्हणून आईला देणार होते. पाईपगॅसच्या जेटचं भोक मोठं असतं, सिलेंडरवर लावली तर ज्योत भडकते. दुकानातल्या काकांनीच अडवलं.

तक्रार एकच. जोडीतला लहान बर्नर मी न मोजता घेतला, मोठा बसला म्हणजे तोही बसेल म्हणून, आणि तो जरासा डुगडुगतो. जुन्या लहान बर्नरचा दोरा आईने परवा मोजून पाठवलाय, १३ सेंमी, म्हणजे ४१ च्या आसपास. शनिवारी परत रविवार पेठेत चक्कर आहे, तोपर्यंत लहान बाजू बंद ठेवायला सांगितलीय आणि चहासुद्धा मोठ्यावरच होतोय.