लकी ड्रॉच्या कुपनावर लिहिलेला नंबर कुठं कुठं जातो

आमच्या चुलतभावाला घरी बंडू म्हणतात. आधार, सातबारा, बँक, रेशनकार्ड, कुठंही हे नाव नाही. चार घरं सोडली तर गावातही त्याला कुणी बंडू म्हणत नाही. पुढची सगळी हकिकत या एका नावामुळे उलगडली, म्हणून ते आधीच सांगून ठेवलं.

पुतणीच्या लग्नाचा बस्ता घ्यायला घरची मंडळी समुद्रपूरहून नागपूरला गेली होती. बस्ता झाल्यावर पोरांच्या हट्टानं मॉलमध्ये शिरली. दाराशी एक बाईक उभी, तिच्यावर रिबीन, शेजारी काचेचा डबा आणि टी-शर्ट घातलेली दोन पोरं. ‘काका, फुकट आहे, फक्त कुपन भरा.’ भरायचं काम पुतण्यानं केलं. जितकी जास्त कुपनं तितका नंबर लागायचा चान्स जास्त, म्हणून त्यानं घरातल्या सगळ्यांची भरली, आणि मस्करीत सगळ्यांची घरची नावं टाकली. बंडूदादाच्या कुपनावर ‘बंडू’, खाली त्याचा खरा मोबाईल नंबर. खालचा अर्धा तुकडा फाडून दादाच्या पाकिटात ठेवला.

आठवडाभरात पहिला फोन आला. बाई हिंदीत बोलत होती. ‘बंडूजी, आपका गिफ्ट वाउचर लगा है.’ नागपूरच्या एका हॉटेलात येऊन घ्यायचा, पण बायकोला सोबत आणायचं आणि क्रेडिट कार्डही. दादा म्हणाला, ‘माह्याकडे कार्ड-फार्ड काही नाही, कास्तकार माणूस आहो.’ तिकडून फोन ठेवला गेला. नंतर पर्सनल लोनवाल्यांचे फोन सुरू झाले, तेही बंडूजीलाच.

मी गावात सेवा केंद्र चालवतो, त्यामुळे असे फोन घेऊन लोक माझ्याकडे येतच असतात. शिवाय आमच्याकडचा एक पोरगा शिकत असताना नागपुरात अशाच स्टॉलवर कामाला होता. त्यानं सांगितलेलं ऐकलं की डब्याकडं बघायची नजरच बदलते. स्टॉल मॉलचा नसतो. मॉल फक्त जागा भाड्यानं देतो. स्टॉल एखादी मार्केटिंग एजन्सी लावते आणि तिला पैसे देणारा तिसराच असतो, बहुतेक वेळा हॉलिडे क्लबची मेंबरशिप विकणारा. पोरांना भरलेल्या कुपनामागं पैसे मिळतात; नंबर नसलेलं कुपन हिशोबात धरत नाहीत. रात्री डबा रिकामा करून सगळी कुपनं कॉम्प्युटरवर चढवतात. एकदा ती एक्सेल फाइल झाली की तिच्या किती प्रती निघाल्या, हे कुणाच्याच हातात राहत नाही.

कुपनावरचे प्रश्न जरा नीट वाचून बघा. चिठ्ठी काढायला नाव आणि नंबर पुरतो. मग वय, लग्न झालं का, नोकरी की धंदा, चारचाकी आहे का, क्रेडिट कार्ड आहे का, हे कशाला विचारतात? ती गिऱ्हाइकाची चाळणी आहे. नवराबायको, हातात पगार, खिशात कार्ड, अशा कुपनांचा गठ्ठा तो पोरगा वेगळा बांधायचा. त्यांना हॉटेलात बोलावून दीड-दोन तास बसवतात, आणि ‘आजच सही केली तर हा भाव’ म्हणून लाखाच्या घरातली मेंबरशिप गळ्यात बांधतात. दादासारखे चाळणीतून खाली पडलेले नंबरही फुकट जात नाहीत. ते कमी भावात लोन विकणाऱ्यांकडं जातात, आणि तिथून पुढं कुणाकडंही.

आता दादाचे पैसे कसे गेले ते. महिनाभरानं फोन आला की लकी ड्रॉमध्ये दुसरा नंबर, बाईक लागली. दादा हसला. तेव्हा पलीकडचा म्हणाला, ‘आपके पास कूपन होगा, नंबर मिलाइए,’ आणि आकडे वाचून दाखवले. पाकिटातल्या तुकड्यावर तेच आकडे! मॉलचं नाव बरोबर, तारीख बरोबर, घरचं नावही बरोबर. यापुढं भल्याभल्यांचा विश्वास बसेल. पण नंबर जुळला याचा अर्थ एवढाच की बोलणाऱ्यानं, नाही तर त्याला यादी विकणाऱ्यानं, ते कुपन पाहिलेलं आहे. ड्रॉ निघाला, याला तो पुरावा होत नाही.

आधी नोंदणीचे 1,499 मागितले. ते गेल्यावर व्हॉट्सॲपवर शिक्का मारलेलं पत्र आलं, बाईकच्या फोटोवर दादाचं नाव. मग आरटीओ आणि विम्याचे 8,600. ते गेल्यावर टॅक्सचे 14,700. हे तिसरे पैसे दादाच्या फोनवरून जाईनात, म्हणून तो माझ्याकडं आला. ‘बावा, एवढे टाकून दे, उद्या बाईक निघते म्हणे.’ मी स्क्रीन बघितली. पैसे एका बाईच्या नावच्या यूपीआयवर जात होते.

टॅक्सची मागणी सगळ्यात फसवी, कारण तिच्यात अर्धं खरं आहे. लॉटरी किंवा अशा बक्षिसावर आपल्याकडं खरोखर 30 टक्के कर लागतो, आणि बक्षीस वस्तूचं असेल तर तो भरल्याची खात्री केल्याशिवाय देणाऱ्यानं वस्तू सोडायची नसते. म्हणजे खरी बाईक लागली तरी देणारा तुमच्याकडून कराची रक्कम मागू शकतो. मग ओळखायचं कसं? खरा देणारा पॅन मागतो, समोर बोलावतो, गाडी आणि तिचे कागद दाखवतो, आणि कर त्याच्या खात्यातून सरकारजमा होतो. तो नंतर आयकराच्या साइटवर तुमच्या पॅनखाली दिसतो. कुण्या व्यक्तीच्या यूपीआयवर हप्त्याहप्त्यानं टॅक्स घेत नाहीत. आणि प्रत्येक पैशानंतर नवा पैसा निघाला, की तिथंच थांबायचं.

मी तिथल्या तिथं 1930 लावला. हा सायबर फसवणुकीचा नंबर. तिथं विचारतात ते हाताशी ठेवूनच फोन करावा: बँकेचं नाव, खाते नंबर, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, जो यूपीआय ॲपच्या हिस्ट्रीत असतो. फोन लागत नसेल तर cybercrime.gov.in वर तक्रार टाकता येते. 1,499 निघून गेले होते. 8,600 त्याच दुपारचे, म्हणून त्यातले काही पलीकडच्या खात्यात अडकवता आले. अडकलेले पैसेही लगेच परत मिळत नाहीत. पोलीस ठाणे आणि काही वेळा कोर्टाचा आदेश यातून जावं लागतं. दादाचं ते अजून सुरू आहे.

‘बंडू’ या नावानं गळती कुठून झाली ते कळलं. हॉलिडेवाली, लोनवाले आणि बाईकवाला, तिघंही एकाच कुपनाचे वारस. कुणाच्या हातून फुटलं, स्टॉलवरचा पोरगा की यादी टाइप करणारा की पैसे देणारी कंपनी, ते मात्र यातून सिद्ध होत नाही. पुतण्याची मस्करी कामाची निघाली, आणि मी ती आता मुद्दाम वापरतो. कुठं कुपन भरायचंच असेल तर नावात एक खूण टाकायची, प्रत्येक ठिकाणी वेगळी. पुढं फोनवर ते नाव ऐकू आलं की तो कुठून आला ते समजतं, आणि आपण पहिल्याच वाक्यात सावध होतो.

काही लोक चुकीचा नंबर लिहून मोकळे होतात. मनाला येतील ते दहा आकडे कुण्या तरी माणसाचेच असतात राजा! त्यापेक्षा दुसरं सिम बरं. आपल्याकडं बहुतेकांच्या फोनमध्ये दोन सिम असतातच. त्यातला एक नंबर बँक, आधार आणि यूपीआयला जोडायचा आणि तो कोणत्याही डब्यात टाकायचा नाही. दुसरा दुकानांना द्यायचा. फक्त तो बरेच दिवस बंद राहिला तर कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते, म्हणून त्यावर कधीच काही महत्त्वाचं जोडू नये. वय, लग्न, उत्पन्न, कार्ड हे रकाने रिकामेच सोडायचे. पोरगा ‘भरावंच लागते’ म्हणाला तर कुपन परत द्यायचं. बिलाच्या काउंटरवरही तेच. मोबाईल नंबर दिल्याशिवाय बिल करत नाही असा हट्ट दुकानदारानं धरू नये, हे केंद्राच्या ग्राहक खात्यानं 2023 मध्येच सांगितलेलं आहे.

कुपनाच्या मागं बारीक इंग्रजीत एक ओळ असते. ‘माझा नंबर डीएनडीत, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत या यादीत, असला तरी मला फोन करायला माझी परवानगी आहे,’ असा तिचा अर्थ. 1909 वर START 0 असा मेसेज पाठवून डीएनडी लावलं, तरी ही सही दाखवून ती कंपनी परवानगी होती असं म्हणू शकते. म्हणून ती ओळ पेनानं खोडायची, मगच सही करायची, आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवायचा. पुढं तक्रार करायची वेळ आली तर तोच कागद लागतो. चोराला मात्र डीएनडीचं काही सोयरसुतक नाही. तो साध्या दहा आकडी नंबरवरून बोलतो. असा नंबर sancharsaathi.gov.in वर ‘चक्षू’ मध्ये नोंदवता येतो. पैसे गेले नसतील तेव्हा तिथं, गेले असतील तर 1930.

फुटलेला नंबर परत घेता येत नाही. दादाचा नंबर आम्ही बंद केला नाही, कारण जिनिंगवाले, कृषी केंद्रवाले, सगळ्यांकडं तोच आहे. बँकेच्या शाखेत जाऊन खात्याला जोडलेला नंबर तेवढा बदलला, आणि यूपीआय त्या नव्या नंबरवर घेतलं. बंडूजीला फोन अजूनही येतात, पण आता त्या नंबरामागं पैसा नाही.

नागपूरला काम निघालं तेव्हा मॉलच्या ऑफिसात जाऊन मी विचारलं की त्या ड्रॉचा निकाल कुठं लावला. स्टॉलवाले केव्हाच निघून गेले, आम्ही फक्त जागा दिली होती, असं उत्तर मिळालं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बक्षीस योजना संपल्यावर तिचा निकाल सहभागी लोकांपासून दडवणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तशी तक्रार नोंदवली. स्टॉल कुणाला भाड्यानं दिला होता त्याचं नाव लेखी द्या, असा अर्जही मॉलला दिला आणि पोच घेतली. पाकिटातल्या तुकड्याची झेरॉक्स त्या अर्जाला जोडली आहे.