दहा क्लासचं पॅक घेताय? आधी पावतीची मागची बाजू वाचा

कोथरूडमधल्या एका योग स्टुडिओत मागच्या दिवाळीच्या आधी नाव घातलं. काउंटरवर तीन दर लावलेले होते. एका क्लासचे ४०० रुपये, दहा क्लासच्या पॅकचे ३०००, आणि महिन्याचे २६००, त्यात कितीही वेळा या. मला आठवड्यातून दोनदाच जमणार होतं. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "मग पॅकच घ्या मॅडम, क्लास ३०० ला पडतो. दहा क्लास तुमचेच, कधीही या." मी लगेच फोन काढून पैसे भरले. तारीख १५ ऑक्टोबर.

नवीन लोकांची बॅच २१ तारखेला, सोमवारी सुरू झाली. सोमवार आणि गुरुवार, सकाळी सात. तीन क्लास झाले आणि दिवाळीसाठी स्टुडिओच बंद, म्हणजे ३१ चा गुरुवार गेला. नंतर एकदा सासूबाईंना ताप होता म्हणून आदल्या रात्री नऊला मेसेज करून कळवलं, तरी क्लास कापला गेला. बारा तास आधी कळवायचं असतं म्हणे. १४ नोव्हेंबरला गेले तर ताई म्हणाल्या, "तुमचं पॅक कालच संपलं."

पावतीच्या मागे बारीक अक्षरात होतं: मुदत ३० दिवस, पैसे भरल्याच्या दिवसापासून. पहिल्या क्लासपासून नव्हे! माझे क्लास झाले पाच, एक कापला, चार बुडाले. ३००० भागिले पाच, म्हणजे क्लास ६०० ला पडला. रोजचे ४०० देऊन गेले असते तर २००० त भागलं असतं.

घरी कॅलेंडर घेऊन बसले तेव्हा खरी मेख कळली. आठवड्याला दोन क्लास धरले तर तीस दिवसांत आठ, फार तर नऊ होतात. एकही खाडा न करता दहावा होतच नाही. म्हणजे ज्याला दोनदाच जमतं त्याला हे पॅक विकायचं, आणि ते संपवणं त्याला शक्यच नाही.

मालकीणबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, मुदत असली की माणूस नियमित येतो. मुदतीला माझी ना नाही. पण दहा क्लासला दोन महिने दिले असते आणि पहिल्या क्लासपासून मोजले असते, तर मी आलेच असते ना? त्यावर उत्तर आलं, "महिन्याचं घ्या, त्यात ५०० कमी करते." मी नाही घेतलं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. पावतीचा फोटो होता, पण "कधीही या" हे तोंडी होतं, त्याला पुरावा काय? शेवटी स्टुडिओने दिवाळीत बुडालेला एक क्लास भरून दिला. बाकीचे तीन गेलेच.

आता पैसे भरण्याआधी मी एवढंच व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागते: मुदत कोणत्या तारखेपासून, सुट्टीचे दिवस वाढवून मिळतात का, आणि किती तास आधी कळवलं तर क्लास कापला जात नाही. परवा दुसऱ्या एका ठिकाणी हे विचारलं, तर समोरून फक्त दोन निळ्या टिका आल्या. तिथे नाव घातलं नाही.