चार फूट अकरा इंच उंचीला कोणती गाडी?

बहिणीसाठी दोन गाड्या पाहिल्या. टॉलबॉय हॅचबॅकमध्ये सीट मुळातच उंच, बॉनेट आखूड, त्यामुळे पुढचं छान दिसतं. पण सीटची उंची बदलत नाही आणि स्टिअरिंग फक्त वर-खाली होतं. क्लच तळापर्यंत दाबायला ती सीट पुढे घेत गेली, तर छाती स्टिअरिंगपासून जेमतेम वीतभर. एअरबॅगसाठी निदान 25 सेंटिमीटर हवेत.

दुसरी गाडी बुटकी, पण सीट लिव्हरने वर येते. वर घेतली की पाय पेडलपासून लांब जातात, म्हणून आधी उंची, मग पुढे-मागे. इथे स्टिअरिंग डॅशबोर्डकडे ढकलता आलं आणि हवं तेवढं अंतर मिळालं. बॉनेटची कड मात्र दिसत नाहीच, पार्किंग अंदाजानेच. तरी मी हीच घे म्हटलं. टॉलबॉयमध्ये पाठीमागे उशी? ती सरकते.