सहा लाखांची एफडी दोन वर्षांनी ‘पिकली’, त्याचा हिशेब

आमच्या बडोद्यात गुजराती माणूस एफडीची मुदत संपली असं म्हणत नाही, एफडी ‘पाकते’ म्हणतो. आंबा पिकावा तशी. एप्रिल २०२५ मध्ये रावपुऱ्यातल्या बँकेच्या काउंटरवरच्या बेननी हसत सांगितलं, ‘भाई, तमारी एफडी पाकी गई.’ मी खिशातली जुनी पावती काढली. तिच्यावर मुदतीअंती मिळणारी रक्कम छापली होती ६,८९,३२९ रुपये. खात्यात जमा झाले होते ६,७९,९०१. साडेनऊ हजारांच्या आसपास कमी. बेननी शांतपणे ‘टीडीएस’ एवढाच शब्द उच्चारला आणि पुढचा टोकन नंबर पुकारला.

एफडी अशी होती : एप्रिल २०२३ च्या पहिल्या आठवड्यात सहा लाख रुपये, दोन वर्षं, ७ टक्के, व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळत जाणारी. तिमाही चक्रवाढीमुळे वर्षाचा खरा दर ७.१९ टक्के पडतो, म्हणून ७ टक्क्यांची पाटी पाहून आपण थोडे जास्तच खूश होतो. पण पावतीवरचा आकडा टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच बँक कापून घेते तो आयकर, धरत नाही. एका बँकेतल्या सगळ्या ठेवींचं मिळून वर्षाचं व्याज ४०,००० च्या वर गेलं (ज्येष्ठांना ५०,०००, एप्रिल २०२५ पासून या मर्यादा ५०,००० आणि एक लाख झाल्या) की बँक व्याजातून १० टक्के कापून घेते. माझं पहिल्या वर्षाचं व्याज ४३,००३ झालं, म्हणजे मर्यादेच्या जेमतेम वर. पाच लाखच ठेवले असते तर एक पैसाही कापला गेला नसता. शिवाय कापलेली रक्कम मुद्दलात मिळत नाही, तिच्यावरचं पुढचं व्याजही जातं. माझ्या बँकेने टीडीएस एफडीतूनच वळता केला; काही बँका तो बचत खात्यातून काढतात, तेव्हा पावती बरोबर दिसते आणि खातं हलकं होतं.

आता मुख्य गोष्ट. टीडीएस म्हणजे टॅक्स भरून झाला असं मी पहिलं वर्षभर धरून चाललो होतो. जुन्या करपद्धतीत माझं करपात्र उत्पन्न १० लाखांच्या वर आहे, म्हणजे व्याजावर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, एकूण ३१.२. बँकेने कापले १०. उरलेले २१.२ माझ्याच खिशातून जाणार होते. त्यात आणखी एक गैरसमज होता : व्याज हातात आलंच नाही, मुदत संपल्यावर येईल, तेव्हा बघू. रिटर्न भरायच्या आदल्या रात्री आयकर खात्याच्या संकेतस्थळावर एआयएस, म्हणजे खात्याकडे पोचलेल्या माझ्या वर्षभराच्या उत्पन्नाचा तक्ता, उघडला तर तिथे ४३,००३ आधीच मांडून ठेवलेले. मुदतीची ठेव असली तरी बँक दर वर्षी साठलेलं व्याज कळवते आणि त्या वर्षाचा टीडीएस कापते. व्याज शेवटी एकदम दाखवायचं ठरवलं, तर टीडीएसचं वर्ष एक आणि उत्पन्नाचं वर्ष दुसरं, असा गुंता होतो. मी वर्षागणिक दाखवलं. पहिल्या वर्षी ९,११७ आणि दुसऱ्या वर्षी ९,७०४ रुपये जादा भरले. दोन्ही वेळा दहा हजारांच्या आत, म्हणून वर्ष संपायच्या आत भरायचा ॲडव्हान्स टॅक्स न भरल्याच्या व्याजातून वाचलो. नशीब म्हणायचं, हुशारी नव्हे.

दांडिया बाजारातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, वहीच्या मागच्या पानावर बेरीज-वजाबाकी केली. दोन वर्षांचं एकूण व्याज ८८,७७९. त्यावरचा कर २७,६९९. हातात उरले ६१,०८०. म्हणजे सहा लाखांचे ६,६१,०८०. इथे बायकोने विचारलं, ‘आणि महागाई?’

ग्राहक किंमत निर्देशांकावर मोजलेली देशातली सरासरी महागाई २०२३-२४ मध्ये ५.४ टक्के होती, २०२४-२५ मध्ये ४.६. बेरीज नाही, गुणाकार करायचा : १.०५४ गुणिले १.०४६, म्हणजे १.१०२५. दोन वर्षांपूर्वी सहा लाखांत जे येत होतं, त्याला आता ६,६१,४९० लागणार. माझ्याकडे ६,६१,०८०. चारशे दहा रुपये कमी! दोन वर्षं पैसा अडकवून, तीन वेळा बँकेत जाऊन, मी साधारण एका सिनेमाच्या तिकिटाइतका मागे पडलो. (तिमाहीच्या कडेचे चार दिवस सोडून हिशेब गोल केला आहे, रुपया-आण्यात तुमचा वेगळा येईल.)

यात बँकेने मला फसवलं नाही, व्याजही ठरल्याप्रमाणे दिलं. गोची अशी आहे की कर पूर्ण व्याजावर लागतो. त्या ७.१९ पैकी पाचेक टक्के ही निव्वळ महागाईची भरपाई आहे, ती मिळाली तर मी फक्त जागेवर राहतो. पण आयकराच्या हिशेबात ती भरपाईही उत्पन्नच. म्हणून माझ्या स्लॅबमध्ये पाच टक्के महागाईला नुसतं जागेवर उभं राहायला ५ भागिले ०.६८८, म्हणजे सुमारे ७.२७ टक्के प्रत्यक्ष दर लागतो. २० टक्क्यांच्या स्लॅबला ६.३१ पुरतात, ज्याला करच नाही त्याला पाच. एकच एफडी, तीन घरांत तीन वेगळी.

हे आमच्याच घरात दिसलं. त्याच सुमारास आईनेही त्याच बँकेत एफडी केली होती. ज्येष्ठ म्हणून अर्धा टक्का जास्त, उत्पन्न बाबांच्या फॅमिली पेन्शनपुरतं, त्यामुळे कर शून्य. त्या दोन्ही वर्षी एप्रिल उजाडला की ती १५एच फॉर्म भरून द्यायची, टीडीएस कापलाच गेला नाही. तिच्या दराने सहा लाखांचे ६,९६,१३३ होतात, म्हणजे महागाई वजा जाऊन वर्षाला अडीच टक्क्यांच्या वर खरी वाढ. मुलाने इंजिनीयर होऊन काय मिळवलं, असं ती बोलली नाही. चहा मात्र जरा जोरात ठेवला.

एक गोष्ट मात्र जपून. सरासरी महागाई ही देशाची असते, तुमच्या घराची नसते. त्या निर्देशांकात तेव्हा खाण्यापिण्याचा वाटा जवळपास ४६ टक्के होता. आमच्या घरात शाळेची फी आणि आईची औषधं जड, त्यामुळे आमचे ४१० रुपये प्रत्यक्षात बरेच जास्त असणार. आणि हे गणित उलटतंही : एप्रिल २०२५ मध्ये महागाई ३.१६ टक्क्यांवर उतरली होती. त्या वेळी जुन्या ७ टक्क्यांवर बसलेला माणूस करासकट पुढे होता, पण फेब्रुवारीपासून रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, खाली यायला लागल्याने नवीन ठेवीला तो दर मिळेना. दर आधी ठरतो, महागाई नंतर कळते. एफडीचा खरा परतावा म्हणून मुदत संपल्यावरच मोजता येतो.

मी काय केलं? तीन लाख परत एफडीतच ठेवले, एका वर्षासाठी. रात्री दोन वाजता दवाखान्यात जायची वेळ आली, तर मला मोडता येणारा पैसा हवा असतो, आणि एका बँकेत पाच लाखांपर्यंत ठेव विम्याखाली आहे. तीन लाख आईला बक्षीस म्हणून देऊन तिच्या नावावर ठेवले. आईला दिलेल्या रकमेचं व्याज तिचंच उत्पन्न धरलं जातं. बायकोच्या नावावर ठेवले असते तर ते क्लबिंगमध्ये, म्हणजे माझ्या उत्पन्नात मिळवलं जाऊन, परत माझ्याच डोक्यावर आलं असतं. पैसे खरंच तिचे झाले, हे मात्र मान्य करायला हवं. तिने त्यातून नातीला सायकल घ्यायचं ठरवलंय, आणि मला विचारलेलं नाही.

नव्या पावतीवर छापील रकमेच्या बाजूला मी पेन्सिलने दुसरा आकडा लिहून ठेवला आहे, कर गेल्यानंतरचा. तिसऱ्या आकड्याची जागा रिकामी आहे, ती पुढच्या एप्रिलमध्ये भरेन.