कहूट की जॅकबॉक्स?

घरी सगळ्यांनी मिळून आपापल्या मोबाइलवर प्रश्नोत्तरांचा खेळ खेळायचा तर कहूट हे क्विझ बनवायचं अ‍ॅप आणि जॅकबॉक्स या कंपनीचे पार्टी गेम, असे दोन पर्याय. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे खेळणार असतील तर आधी भाषा बघा. कहूटमध्ये प्रश्न आपणच मराठीत लिहायचे. तासभर मेहनत जाते. जॅकबॉक्सचा 'फिबेज' एकाने विकत घेतला की पुरतो, तयारी शून्य, पण प्रश्न मराठीत नाहीत आणि खेळाडू आठच.

वेगाचं गणित मात्र कहूटमध्ये जाचक. बरोबर उत्तराचे १००० गुण वेळ संपेपर्यंत ५०० वर येतात. २० सेकंदांच्या प्रश्नाला आजींनी दहाव्या सेकंदाला बटण दाबलं तर ७५०. वेळ ६० सेकंद ठेवली तर तेच ९१७. म्हणून वेळ वाढवाच. फिबेजमध्ये वेगाला गुण नाहीत, खोटं उत्तर रचून इतरांना गंडवायचं.

मिश्र वयाच्या घराला कहूट, इंग्रजीत रमणाऱ्या कॉलेजवाल्या भावंडांना फिबेज.