एका ‘क’साठी ३,२५० रुपये: लॅपटॉपची की बसवून घेण्याआधी वाचावे

लॅपटॉपची एखादी की निखळली, तर दुकानात जाण्याआधी उघड्या जागेवरचे छोटे रबरी बटण बोटाने दाबून पाहा. अक्षर उमटले, तर कीबोर्ड शाबूत आहे. तुटलेले असते ते वरचे टोपण किंवा त्याखालची क्लिप. माझी K ची, म्हणजे इनस्क्रिप्टमधल्या ‘क’ची की सोयाबीनच्या विम्याचे अर्ज भरण्याच्या ऐन गर्दीत निघाली, तेव्हा रबर दाबल्यावर ‘क’ व्यवस्थित उमटत होता. तरीही यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एका दुकानदाराने माझ्याकडून ३,२५० रुपये उकळले.

‘ओरिजनल की, क्लिपसकट’ असे सांगून त्याने आधी ४५० रुपये घेतले. त्याच क्षणी संशय यायला हवा होता, कारण त्याने ना मॉडेल विचारले, ना निघालेले टोपण उलटे करून पाहिले. ही क्लिप म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या दोन नाजूक प्लास्टिक चौकटी असतात. त्यांच्या टोकांच्या बारीक खुंट्या खालच्या पत्र्याच्या आकड्यांत आणि टोपणाच्या खाचांत बसाव्या लागतात. एकाच मॉडेलमध्येही वेगवेगळ्या कारखान्यांचे कीबोर्ड येतात आणि त्यांच्या क्लिपा जुळतीलच असे नाही, म्हणून न पाहता की देणारा माणूस फसवतच असतो. पण बाहेर शेतकरी ताटकळत असताना आणि तो लॅपटॉप आतल्या खोलीत घेऊन गेला असताना हे गिऱ्हाइकाला कसे कळणार?

त्याने क्लिप बसवलीच नव्हती. टोपण फेविक्विकने थेट रबराला चिकटवले होते. दोन दिवसांत की दबलेलीच राहू लागली, गोंद उतरून रबर कडक झाले, आणि मग ‘पूर्ण कीबोर्डच गेला’ म्हणत त्याने आणखी २,८०० रुपये घेतले. जुना कीबोर्ड मागितला, तर तो फेकून दिल्याचे सांगितले. जुना भाग हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

खरे काम असे आहे: क्लिप आधी पत्र्यावर बसवायची, सरकणाऱ्या बाजूच्या खुंट्या आकड्याखाली घालून मग दुसरी बाजू हलकेच दाबायची, आणि ती सरळ वर-खाली होते आहे हे पाहूनच टोपण ठेवून कोपरे दाबायचे. एकही खुंटी बाहेर राहिली, तर की तिरकी बसते. जोर दिला, तर खुंटी मोडते आणि मोडलेली खुंटी चिकटवून टिकत नाही.

पोलीस ठाण्यात गेलो, तर रक्कम ऐकून हवालदाराने ‘एवढ्याशासाठी कुठे लिहून घ्यायचे’ म्हटले. ठाणेदारसाहेबांनी पक्के बिल मागितले, आणि बिल दुकानदाराने दिले नाही असे सांगितल्यावर हे ग्राहकांचे प्रकरण आहे म्हणून वाटेला लावले. ज्याने बिल दिले नाही त्याचाच गुन्हा बिलाअभावी लिहिला जात नसेल, तर गावाकडच्या माणसाने जायचे कुठे? पैसे यूपीआयने दिले होते, तेवढाच पुरावा हाती आहे. रोख देऊ नका. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, हेही मला ठाण्यात कोणी सांगितले नाही. आता आयोगातच अर्ज करतो आहे.